निरपेक्ष षष्ठीचे मराठी रूपांतर : काळ की कारण?
('प्रेषितांची कृत्ये', अध्याय २७ मधील निवेदनाच्या आधारे)

सारांश

ग्रीक निवेदनात मुख्य वाक्याशी कर्त्याने न जोडलेला नाम-कृदंताचा गट षष्ठीत येतो. त्याला प्रस्तुत निबंधात 'निरपेक्ष षष्ठी' असे म्हटले आहे. ही रचना काळ, कारण किंवा विरोध यांपैकी कोणताच संबंध स्वतः सांगत नाही. मराठीत मात्र तो संबंध बहुधा उघड करावा लागतो. 'असता' ही रूढ रचना वापरून हा प्रश्न टाळता येतो असे वाटते, परंतु त्यातून वेगळी अडचण उभी राहते. कालवाचक की कारणवाचक हा निर्णय केवळ शैलीचा नसून कथेतील निर्णयाची जबाबदारी कोणावर पडते याच्याशी निगडित आहे, हे येथे एका अध्यायाच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : निरपेक्ष षष्ठी, सति सप्तमी, कृदंत, कालवाचक उपवाक्य, कारणवाचक उपवाक्य.

प्रास्ताविक

मराठी वाचकाचा ग्रीक निवेदनगद्याशी संबंध येतो तो प्रामुख्याने नव्या कराराच्या द्वारे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. त्याच्याही आधी शतकभर मराठीत अशी भाषांतरे होत होती. या परंपरेने, आणि एकूणच जुन्या ग्रांथिक गद्याने, 'तो बोलत असता', 'सूर्य मावळला असता' अशा वाक्यखंडांची आपल्याला सवय लावली. संस्कृतातील सति सप्तमी ज्यांच्या कानांत बसली आहे त्यांना ही रचना परकी वाटत नाही. त्यामुळे ग्रीक शिकणारा मराठी विद्यार्थी निरपेक्ष षष्ठी दिसताच 'असता' लिहून मोकळा होतो. ही सवय कोठे उपयोगी पडते आणि कोठे फसवते, हे पाहणे हा या निबंधाचा हेतू आहे.

रचनेचे स्वरूप

एक साधे, बनविलेले वाक्य घेऊ : 'तू स्त्रातेगू आपोथानोन्तोस होइ स्त्रातिओताइ एफुगोन'. पहिल्या तीन शब्दांत 'सेनापती' हे नाम व 'मेलेला' हे कृदंत, दोन्ही षष्ठीत आहेत. पुढे 'सैनिक पळाले' हे मुख्य वाक्य आहे. सेनापतीला मुख्य वाक्यात कोणतेही स्थान नाही. तो कर्ता नाही व कर्मही नाही. म्हणून ही षष्ठी निरपेक्ष.

या वाक्याचा अर्थ 'सेनापती मरण पावल्यावर सैनिक पळाले' असा होतो, तसाच 'सेनापती मरण पावल्यामुळे सैनिक पळाले' असाही होतो. आता मुख्य क्रियापदाआधी 'ऊक' हा नकार घातला, तर षष्ठीच्या गटातील एकही अक्षर न बदलता अर्थ 'सेनापती मरण पावला तरी सैनिक पळाले नाहीत' असा होऊ शकतो. तेव्हा काळ, कारण आणि विरोध हे अर्थ रचनेत नसून मुख्य वाक्याशी तिची गाठ पडल्यावर वाचकाच्या मनात उत्पन्न होतात.

रचना स्वतः सांगते ती एकच गोष्ट, आणि ती कृदंताच्या रूपातून. अओरिस्त कृदंत असेल तर ती क्रिया बहुधा मुख्य क्रियेपूर्वी पूर्ण झालेली असते. वर्तमान कृदंत असेल तर ती मुख्य क्रियेच्या वेळी चालू असते. पूर्ण कृदंत असेल तर क्रिया संपून तिचा परिणाम टिकून असतो. मराठीत याला अनुक्रमे '-ल्यावर', '-त असताना' आणि '-लेला असताना' ही रूपे सामान्यतः जुळतात.

येथे संस्कृतज्ञ वाचकासाठी एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. पाणिनीने या प्रकारच्या रचनेसाठी सप्तमी सांगितली (२.३.३७) आणि लगेच पुढच्या सूत्रात, अनादर अभिप्रेत असेल तेथे, षष्ठीलाही मुभा दिली (२.३.३८). म्हणजे संस्कृतात अशी षष्ठी दिसली की 'त्याला न जुमानता' हा अर्थ मनात येतो. ग्रीक षष्ठीला ही छटा नाही. विभक्तीचे नाव सारखे असले तरी कार्याच्या दृष्टीने ग्रीक षष्ठी संस्कृतातील सप्तमीच्या जागी उभी आहे.

'असता' या सोयीची किंमत

'असता' ही रचना संबंध उघड करीत नाही, म्हणून ती ग्रीक रचनेला सर्वांत जवळची, असा युक्तिवाद करता येईल. तो तत्त्वतः बरोबर आहे. पण आजच्या मराठीत त्याला एक व्यावहारिक अडथळा आहे. 'बराच काळ लोटला असता' हा खंड वाचणारा आज पुढे 'जर' शोधतो, कारण 'लोटला असता' हे रूप संकेतार्थाचेही आहे : 'तो थांबला नसता तर बराच काळ लोटला असता'. नाम स्त्रीलिंगी असेल तर हा घोटाळा होत नाही. 'संध्याकाळ झाली असता' आणि 'संध्याकाळ झाली असती' ही रूपे वेगळी राहतात. नपुंसकलिंगी एकवचनातही 'जहाज सापडले असता' व 'सापडले असते' यांत फरक आहे. परंतु पुल्लिंगी एकवचनात दोन्ही रूपे एकच होतात. काळ, वारा, सूर्य, दिवस ही निवेदनात वारंवार येणारी नामे नेमकी पुल्लिंगी आहेत. वाक्य पूर्ण वाचल्यावर अर्थ लागतो हे खरे, पण तोवर वाचक एकदा अडखळलेला असतो.

'-ऊन' हे रूप हा दुसरा मोह. दोन्ही क्रियांचा कर्ता एक असावा अशी त्याची सामान्य अट आहे आणि निरपेक्ष षष्ठीत तर कर्ता भिन्नच असतो. 'पाऊस पडून रस्ते ओले झाले' असे आपण म्हणतो हे खरे, पण तेथे दोन्ही घटना आपोआप घडणाऱ्या आहेत. 'वारा सुटून त्यांनी नांगर उचलला' हे मराठी कानाला खटकते, कारण नांगर उचलणे हे माणसांनी ठरवून केलेले कृत्य आहे.

तेव्हा भाषांतरकाराला बहुतेक वेळा काळ किंवा कारण यांपैकी एक निवडावेच लागते. ही निवड कशी करावी याची परीक्षा आता एका अध्यायावर घेऊ.

एक निर्णय, चार षष्ठ्या

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात पौलाच्या रोमकडे झालेल्या सागरप्रवासाचे वर्णन आहे. पौल बंदिवान आहे व युल्य नावाच्या शताधिपतीच्या ताब्यात आहे. प्रतिकूल वाऱ्यांशी झगडत जहाज क्रेत बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील 'कालोइ लिमेनेस', म्हणजे 'सुंदर बंदरे', या ठिकाणी पोचते. तेथेच हिवाळा काढावा की पुढे जावे असा प्रश्न पडतो. पौल पुढे जाऊ नये म्हणतो, बहुमत जावे म्हणते, जहाज निघते आणि वादळात सापडते. या निर्णयाचे निवेदन नवव्या, बाराव्या व तेराव्या वचनांत चार निरपेक्ष षष्ठ्यांवर उभे आहे.

नवव्या वचनात दोन षष्ठ्या 'काइ', म्हणजे 'आणि', या अव्ययाने जोडल्या आहेत. पहिलीचे कृदंत 'दियागेनोमेनू' हे अओरिस्त आहे : बराच काळ निघून गेलेला. दुसरीचे 'ओन्तोस' हे वर्तमान आहे : प्रवास आता धोक्याचा असलेला. मुख्य वाक्य, पौल त्यांना इशारा देत होता. पहिली षष्ठी कालवाचक आहे हे उघड आहे. दुसरी मात्र इशाऱ्याचे कारण आहे, कारण धोका नसता तर इशाऱ्याचे प्रयोजनच उरले नसते. ग्रीक वाक्य मात्र दोहोंना एकाच रूपात, एका अव्ययाने बांधून ठेवते.

याच वचनात आणखी एक रचना आहे व ती निर्णायक आहे. प्रवास धोक्याचा का, तर उपवासाचा दिवसही होऊन गेला होता. हे सांगताना लेखकाने षष्ठी वापरलेली नाही. त्याने 'दिया तो' आणि क्रियार्थक नाम अशी स्पष्ट कारणवाचक रचना वापरली आहे. हा उपवास म्हणजे यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, तिश्री महिन्याची दहावी तिथी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा सुमार. भूमध्य समुद्रातील प्रवासाविषयी रोमन लेखक वेगेतियुस सांगतो की १४ सप्टेंबरनंतर प्रवास शंकास्पद होतो आणि ११ नोव्हेंबर ते १० मार्च या काळात समुद्र बंद असतो. म्हणजे धोका खरा होता आणि त्याच्या कारणाची जबाबदारी निवेदक स्वतः घेतो. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. कारण ठामपणे सांगायचे असेल तेव्हा या लेखकाजवळ त्यासाठी साधन आहे व तो ते वापरतो. जेथे तो वापरत नाही तेथे आपण '-मुळे' घालण्यापूर्वी थांबले पाहिजे.

म्हणून नवव्या वचनासाठी पुढील रूप सुचवावेसे वाटते : 'बराच काळ निघून गेला होता आणि उपवासाचा दिवसही उलटल्यामुळे प्रवास आता धोक्याचा झाला होता, तेव्हा पौल त्यांना इशारा देऊ लागला.' येथे '-मुळे' एकदाच येतो आणि मुळात 'दिया' आहे त्याच जागी येतो. दोन्ही षष्ठ्या स्वतंत्र वाक्ये झाल्या असून त्यांना मुख्य वाक्याशी 'तेव्हा' या अव्ययाने जोडले आहे. मराठी 'तेव्हा' हा शब्द या कामी फार सोयीचा आहे. तो 'त्या वेळी' असा अर्थ देतो आणि 'पाऊस आहे, तेव्हा छत्री घे' या वाक्यातल्याप्रमाणे 'म्हणून' असाही अर्थ देतो. ग्रीक षष्ठीतील काळ आणि कारण यांची गुंफण मराठीत न तोडता आणायची असेल, तर 'असता'पेक्षा 'तेव्हा' अधिक विश्वासार्ह आहे.

बाराव्या वचनातील षष्ठी सांगते की बंदर हिवाळा काढण्यास गैरसोयीचे होते. कृदंत 'हुपार्खोन्तोस' हे वर्तमान आहे. मुख्य वाक्य, बहुसंख्यांनी निघण्याचा सल्ला दिला. 'बंदर गैरसोयीचे असताना त्यांनी निघण्याचे ठरविले' हे कालवाचक भाषांतर निरर्थक ठरते, कारण बंदराचे गैरसोयीचे असणे ही काही काळाची खूण नव्हे. संबंध कारणाचाच आहे. पण कोणाच्या मते? 'बंदर गैरसोयीचे असल्यामुळे' असे लिहिले की निवेदक बहुमताच्या बाजूने साक्ष देतो. बंदर खरोखरच वाईट होते, म्हणून निघणे रास्त होते, असा अर्थ निघतो. मग पौलाचा सल्ला हट्टाचा ठरतो. उलट 'बंदर हिवाळा काढण्यास सोयीचे नाही म्हणून बहुतेकांनी निघण्याचा सल्ला दिला' असे लिहिले, तर ते कारण बहुमताच्या तोंडी राहते. मराठीतील 'म्हणून' हा शब्द मूळ 'म्हणणे' या क्रियापदाचा आहे व दुसऱ्याचे म्हणणे दुसऱ्याच्या पदरात ठेवण्याची शक्ती त्यात आजही आहे.

हा केवळ तर्काचा खेळ नाही. जेम्स स्मिथ या स्कॉटिश नौकानयनप्रेमी अभ्यासकाने १८४८ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रवासावरील ग्रंथात, ते बंदर आसपासच्या बेटांमुळे व खडकांमुळे समजले जाते त्यापेक्षा बरेच सुरक्षित असल्याचे प्रतिपादिले आणि पौलाचा सल्ला अवास्तव नव्हता असे म्हटले. हे मत मान्य असो वा नसो, मूळ ग्रीक वाक्य त्याला वाव ठेवते. '-मुळे' वापरणारे मराठी वाक्य तो वाव काढून घेते.

तेराव्या वचनात मंद दक्षिण वारा सुटतो. कृदंत 'हुपोप्नेउसान्तोस' हे अओरिस्त आहे. त्यानंतर लगेच 'दोक्सान्तेस', म्हणजे 'असे वाटून', हे कृदंत प्रथमेत येते. आपला हेतू साधला असे वाटून त्यांनी नांगर उचलला. येथे वारा हे नांगर उचलण्याचे कारण आहे असे कोणीही म्हणेल. तरीही 'वारा सुटल्यामुळे' हे रूप मला चुकीचे वाटते. वारा आणि नांगर यांच्या मध्ये एक मानवी समज उभी आहे आणि ती समज पुढे खोटी ठरते. थोड्याच वेळात ईशान्येकडून वादळी वारा कोसळतो. 'वारा सुटल्यामुळे आपला हेतू साधला असे वाटून' या रूपात वारा त्यांच्या समजुतीला जबाबदार होतो. 'मंद दक्षिण वारा सुटला तेव्हा, आपला हेतू साधलाच असे वाटून, त्यांनी नांगर उचलला' या रूपात वारा हा प्रसंग राहतो आणि चूक माणसांची राहते. कारणाचे काम जर वाक्यातील दुसऱ्या कृदंताने आधीच केले असेल, तर षष्ठीला ते पुन्हा देऊ नये.

कारण जेथे अटळ आहे

याचा अर्थ '-मुळे' सर्वत्र वर्ज्य आहे असा नव्हे. विसाव्या वचनात कित्येक दिवस सूर्य व तारे दिसत नाहीत आणि वादळ घोंघावत राहते. या दोन षष्ठ्यांनंतर आपण वाचू ही सारी आशा मावळत गेल्याचे मुख्य वाक्य येते. दोन्ही कृदंते वर्तमान आहेत आणि मुख्य क्रियापद अपूर्ण भूतकाळाचे आहे. होकायंत्र नसलेल्या काळात सूर्य व तारे न दिसणे म्हणजे दिशा हरपणे होय. त्यामुळे आशा नष्ट होण्याशी त्याचा संबंध केवळ समकालीनतेचा असू शकत नाही. शिवाय येथे निवेदक 'आम्ही' या प्रथमपुरुषी अनेकवचनात स्वतः जहाजावर आहे व आशा त्याचीही आहे. कारण त्याच्याच मनातले असल्यामुळे त्याची साक्ष देण्यास त्याला अडचण नाही. 'कित्येक दिवस सूर्य दिसेना, तारे दिसेनात आणि वादळही थोडेथोडके नव्हते. त्यामुळे वाचण्याची आशा हळूहळू मावळत गेली' असे रूप येथे योग्य ठरेल. 'दिसेना, दिसेनात' या रूपांतून वर्तमान कृदंताची लांबण येते, आणि मुळात नकाराने सुचविलेली वादळाची तीव्रता 'थोडेथोडके नव्हते' या मराठी वाक्प्रयोगात सहज उतरते.

तिसाव्या वचनात याच्या उलट स्थिती आहे. खलाशी जहाजातून पळू पाहत आहेत ('ज़ेतून्तोन', वर्तमान) व त्यांनी होडी समुद्रात सोडली आहे ('खालासान्तोन', अओरिस्त). तेव्हा पौल शताधिपतीशी बोलतो. नाळेकडून नांगर टाकायचे आहेत असा खलाशांचा बहाणा आहे आणि तो सांगताना लेखक कृदंताआधी 'होस' हे अव्यय घालतो. हे अव्यय कारण कर्त्याच्या म्हणण्यानुसार आहे असे दर्शविते. म्हणजे परक्याचे कारण सांगण्याचेही साधन लेखकाजवळ आहे. मराठीत त्यासाठी 'टाकण्याच्या मिषाने' हे रूप आहे. उरलेल्या दोन षष्ठ्या मात्र कालवाचकच ठेवाव्यात : 'खलाशी पळून जाण्याच्या खटपटीत होते आणि होडी खाली सोडूनही झाली होती, तेव्हा...'. 'पळू पाहत असल्यामुळे पौल म्हणाला' असे केल्यास प्रसंगाची निकड जाऊन तेथे केवळ स्पष्टीकरण उरते.

मर्यादा

या विवेचनाची एक मर्यादा नोंदविली पाहिजे. काही ठिकाणी संबंध मोकळा ठेवणे हेच मूळ लेखकाचे काम असते. योहानाच्या शुभवर्तमानात (२०.१९) शिष्य जेथे होते तेथील दारे बंद होती आणि येशू आत आला असे सांगितले आहे. 'केक्लेइस्मेनोन' हे पूर्ण कृदंत आहे, म्हणजे दारे लावलेल्या स्थितीत होती. दारे लावण्याचे कारण, भीती, हे 'दिया'ने स्वतंत्रपणे दिले आहे. 'दारे बंद असूनही तो आला' असे म्हटले की चमत्कार भाषांतरकार घोषित करतो. 'दारे बंद असताना तो आला' असे म्हटले की स्थिती सांगितली जाते आणि विस्मय वाचकावर सोपविला जातो. मूळ वाक्य इतकेच करते. येथे 'असताना' हे रूप पुरेसे आहे. संकेतार्थाशी त्याचा घोटाळाही होत नाही.

निष्कर्ष

निरपेक्ष षष्ठी मराठीत आणताना पुढील क्रमाने प्रश्न विचारावेत असे या विश्लेषणावरून दिसते. प्रथम, कृदंत अओरिस्त, वर्तमान की पूर्ण, हे पाहून क्रियांचा क्रम निश्चित करावा. दुसरे, कारण दाखविणारे अन्य साधन ('दिया', 'होस' किंवा दुसरे कृदंत) त्याच वाक्यात आहे का, हे पाहावे. असेल तर षष्ठीवर कारणाचा भार टाकू नये. तिसरे, संबंध कारणाचाच ठरला तर ते कारण कोणाचे, हे विचारावे. निवेदकाचे असेल तर '-मुळे', पात्रांचे असेल तर 'म्हणून'. तिन्ही प्रश्नांनंतरही उत्तर दोलायमान राहिले, तर दोन वाक्ये करून मध्ये 'तेव्हा' ठेवावे.

क्रेतच्या किनाऱ्यावरून जहाज का निघाले, या प्रश्नाला ग्रीक निवेदक बाराव्या वचनात थेट उत्तर देत नाही. तो बंदर, बहुमत आणि वारा एकापुढे एक ठेवतो. मराठी भाषांतरात एक '-मुळे' चुकीच्या जागी पडला, तर ते उत्तर त्याच्या वतीने आपण देऊन बसतो.